क्रेडिट कार्ड बंद केलं त्याच्या नोंदी: ॲपमध्ये शून्य, बिलात १,५२०

माझं कार्ड मे २०१९ पासूनचं. वर्षाला ९९९ रुपये फी, वर जीएसटी. वापर जवळपास नाहीच. यंदा बंद करायचं ठरवलं. दादालाही त्याचं कार्ड बंद करायचंय, म्हणून मी काय केलं आणि कुठे चुकले ते तारखेनुसार लिहून ठेवतेय. बँकेचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. शिवाय पद्धत सगळीकडे साधारण अशीच आहे.

३० एप्रिल २०२४, मंगळवार

१२ एप्रिलच्या बिलाचे १५,५४५.१९ रुपये आज पूर्ण भरले. शेवटची तारीख २ मे होती, म्हणजे दोन दिवस आधीच.

या बिलामागची गोष्ट अशी. २० फेब्रुवारीला कार्डावर २४,००० चं वॉशिंग मशीन घेतलं. १२ मार्चच्या बिलात ते आलं, भरायची मुदत १ एप्रिल. घरात लग्नाचा खर्च चालू असल्याने त्या दिवशी १०,०००च भरले आणि १४,००० मागे ठेवले. किमान रकमेपेक्षा जास्तच भरलेत, तर व्याज फक्त उरलेल्या १४,००० वर लागेल अशी माझी समजूत होती. तसं नसतं. बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत गेली, आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात. म्हणून २४,००० वर २० फेब्रुवारी ते १ एप्रिल असं ४१ दिवसांचं आणि १४,००० वर पुढच्या ११ दिवसांचं व्याज लागलं. दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. व्याज १,३०९.४८ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २३५.७१.

ते भरून टाकलं. संध्याकाळी ॲपमध्ये Total Outstanding च्या पुढे ०.०० दिसलं. मला वाटलं, विषय संपला.

२ मे, गुरुवार

सकाळी ११.२० ला ग्राहक सेवेला फोन लावला. चौदा मिनिटं बोलले. मुलगा मराठीत नीट बोलत होता. आधी फी माफ करून देतो म्हणाला, मग लिमिट वाढवून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. शेवटी, "ठीक आहे मॅडम, बंद होऊन जाईल, मेसेज येईल."

मी फोन ठेवला. विनंतीचा क्रमांक मागितला नाही. पुढचे चार आठवडे जे काही झालं त्याची सुरुवात इथे आहे.

१३ मे, सोमवार

मेसेज आला तो कार्ड बंद झाल्याचा नव्हता, नव्या बिलाचा होता. १,५२०.९८ रुपये, मुदत १ जून. बिलात तीन ओळी:

व्याज २८९.९७
वार्षिक फी ९९९.००, तारीख ६ मे
जीएसटी २३२.०१

ॲपमध्ये शून्य होतं, एक रुपयाची खरेदी नाही, मग व्याज कशाचं? रात्री वही घेऊन बसले आणि हिशेब लागला. १२ एप्रिलला बिल निघालं तेव्हा त्यात फक्त १२ एप्रिलपर्यंतचं व्याज होतं. मी पैसे भरले ३० एप्रिलला. मधले अठरा दिवस १४,००० रुपये माझ्याकडेच होते आणि त्या दिवसांचं व्याज चालूच होतं. १४,००० × १८ दिवस × ४२ टक्के ÷ ३६५ = २८९.९७. पैशापर्यंत जुळलं. जीएसटी धरून ३४२.१६.

म्हणजे बँकेने यात गडबड केलेली नाही. बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचं व्याज पुढच्या बिलातच दिसतं. तोवर ते ॲपच्या आकड्यात येत नाही, कारण ते खात्यावर अजून टाकलेलंच नसतं. ज्याने आदल्या एखाद्या महिन्यात थोडीशी जरी बाकी ठेवली असेल, त्याच्या ॲपमधलं शून्य पुढचं एक बिल निघेपर्यंत खरं धरू नये. दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याला हा त्रास नाही. दादा, तू जानेवारीत फ्रिजचे पैसे अर्धेच भरले होतेस, तुला हे लागू होऊ शकतं.

फीची गोष्ट वेगळी. कार्ड मे महिन्यातलं, त्यामुळे फी दर मे महिन्यात पुढच्या वर्षासाठी आगाऊ लागते. मी २ मे ला फोन केला, फी ६ मे ला लागली. महिनाभर आधी हललं असतं तर हा वाद उद्भवलाच नसता. कार्ड बंद करायचं असेल तर गेल्या वर्षीच्या बिलात फीची तारीख शोधायची आणि तिच्या निदान दोन बिलं आधी कामाला लागायचं.

१४ मे

फोन केला. २ मे च्या तारखेला बंद करण्याची विनंतीच नोंदलेली नाही. नोंद काय, तर "ग्राहकाने फीबद्दल चौकशी केली."

बाईंनी तोडगा सुचवला: महिन्याभरात दोन हजारांची खरेदी करा, फी परत येईल. क्षणभर बरं वाटलं. पण खरेदी केली की नवं बिल, नवी मुदत, आणि बंद करण्याचं काम आणखी दीड महिना लांबणीवर. नाही म्हटलं.

व्याजाचे ३४२.१६ लगेच भरले, पैशासकट. ३४२ भरून १६ पैसे सोडायचे नाहीत आणि ३५० भरून वरचे पैसे तिकडे अडकवायचेही नाहीत. जादा रक्कम बँकेला बंद करताना खात्यात परत द्यावी लागते, ती बुडत नाही, पण त्यासाठी आणखी एक पत्रव्यवहार मागे लागतो.

फी भरली नाही. १ जूनच्या आत वाद मिटला नाही तर मात्र भरून मग भांडायचं, हे मनाशी पक्कं केलं. मुदत उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त गेले की उशिराचा दंड लावता येतो, आणि उशिराची नोंद क्रेडिट अहवालात गेली तर ९९९ रुपयांपेक्षा ती महाग पडते.

१५ मे

आता सगळं लेखी. बँकेच्या वेबसाइटवर कार्ड बंद करण्यासाठी दिलेल्या ईमेल पत्त्यावर मेल पाठवला. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, नोंदवलेला मोबाइल नंबर, "हे कार्ड आणि त्यावरचं माझ्या नवऱ्याचं ॲड-ऑन कार्ड कायमचं बंद करा" हे एक वाक्य, आणि २ मे च्या फोनचा स्क्रीनशॉट. खाली लिहिलं: विनंती फी लागण्याच्या चार दिवस आधी केली होती, फोनचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे, ते ऐका आणि फी उलटवा.

दहा मिनिटांत आपोआप उत्तर आलं, त्यात विनंती क्रमांक. हाच क्रमांक २ मे ला हवा होता.

रिझर्व्ह बँकेचे २१ एप्रिल २०२२ चे क्रेडिट-डेबिट कार्डांबद्दलचे निर्देश आज वाचून काढले. ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. आपल्या कामाचं त्यात एवढं: येणी सगळी भरलेली असली तर बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण झाली पाहिजे. फोन, ईमेल, वेबसाइट, ॲप असे अनेक मार्ग दिले पाहिजेत. पोस्टानेच अर्ज पाठवा असा आग्रह धरता येत नाही. उशीर झाला तर दर कॅलेंडर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. पण अट अशी की खात्यावर काहीही बाकी नको. म्हणजे दोन रुपये राहिले तरी दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. लहानशी बाकी इतकी नडते ती यामुळे.

१८ मे, शनिवार

दुपारी मेसेज: कार्डावरून १४९ रुपये गेले. मुलीच्या गाण्याच्या ॲपचे. गेल्या वर्षी लावून दिलेलं मासिक पेमेंट. आदल्या दिवशी "उद्या रक्कम कापली जाईल" असा मेसेज आलाही होता. असे मेसेज चोवीस तास आधी येतातच. मी तो जाहिरात समजून पुढे ढकलला.

ही पूर्णपणे माझी चूक. विनंती करण्याआधीच कार्डावर कोणकोणती आपोआप होणारी पेमेंट आहेत ते बघायला हवं होतं. आज बसून मागच्या बारा बिलांवरून नजर फिरवली आणि तीन सापडली: हे १४९ चं, मोबाइलचं बिल, आणि फास्टॅगचं आपोआप होणारं रिचार्ज. फास्टॅग वर्षातून दोनदाच लागतो, म्हणून एका महिन्याच्या बिलात तो दिसलाच नसता. तिन्ही बंद केली. बँकेच्या ॲपमध्येही अशा परवानग्यांची यादी असते, तिथूनही रद्द केली आणि दुसऱ्या दिवशी यादी रिकामी आहे ना ते पुन्हा पाहिलं.

जमा पॉइंट्स तसेच सोडले. वस्तू मागवायला गेले तर त्याचे ९९ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे खात्यावर आणखी एक येणं. दादाचे पॉइंट्स जास्त आहेत, त्याने ते आधीच, पहिल्या पायरीला वापरून टाकावेत.

२२ मे

१४९ आज भरले. १८ ला लगेच भरले नाहीत, कारण व्यवहार तेव्हा Unbilled मध्ये आला नव्हता, नुसताच थांबलेला दिसत होता. तो पक्का झाल्यावर भरले. सोमवारी २० तारखेला नाशिकला मतदान, बँकांना सुट्टी. उद्या बुद्धपौर्णिमा. कामकाजाचे दिवस मोजताना हे सगळं वगळावं लागतं, दुसरा-चौथा शनिवारही.

२४ मे

मेल आला. २ मे चा फोन तपासला, फी उलटवली आहे. ९९९ आणि जीएसटीचे १७९.८२, दोन्ही. जीएसटीची ओळ वेगळी तपासा, फक्त ९९९ परत येऊन कर तसाच राहिला तर पुन्हा १७९.८२ ची बाकी उभी राहते.

२८ मे, मंगळवार

आजपासून सगळं नव्याने. १५ मे ची विनंती बँकेने "बाकी असल्यामुळे बंद" असा शेरा मारून संपवली होती, तशी १४९ ची बाकी होतीच.

आधी फोन करून नेमका प्रश्न विचारला: "आज कार्ड बंद केलं तर बिलात अजून न आलेलं व्याज, फी, कर सगळं धरून मला एकूण किती भरायचंय?" नुसतं "बाकी किती" विचारलं की समोरचा माणूस ॲपमध्ये दिसतो तोच आकडा वाचून दाखवतो. या बाईंनी पाचेक मिनिटं थांबवलं आणि सांगितलं, शून्य. मी म्हटलं, हेच मेलवर द्या. तासाभरात मेल आला, त्यात आजची तारीख आणि ०.०० रुपये.

त्याच मेलला उत्तर म्हणून बंद करण्याची विनंती पाठवली. नवा क्रमांक मिळाला. सात दिवस मोजले: २९, ३०, ३१ मे, १ जून (पहिला शनिवार, बँका चालू), ३, ४, ५ जून. भिंतीवरच्या कालनिर्णयवर ५ जूनला गोल केला.

३१ मे

बँकेचा फोन. कार्ड आयुष्यभर मोफत करून देतो, विचार करा. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "मग मॅडम विनंती होल्डवर ठेवतो, तुम्ही दोन दिवसांत सांगा." मी म्हटलं, होल्डवर ठेवायची नाही. फोन ठेवल्या ठेवल्या मेल लिहिला: आज अमुक वाजता फोन आला, मी विनंती मागे घेतलेली नाही, थांबवायलाही सांगितलेलं नाही. तीन ओळींचा मेल. पुढे हाच उपयोगी पडला.

६ जून

काल मुदत संपली, मेसेज नाही. कार्ड ॲपमध्ये चालू दिसतंय. विनंती क्रमांक टाकून आठवणीचा मेल, आणि आजपासून दिवसाला ५०० लागू आहेत असं साध्या भाषेत लिहिलं.

१० जून, सोमवार

"आपले कार्ड बंद करण्यात आले आहे." मेसेज आणि मेल दोन्ही.

कार्डाची चिप मधोमध कापली, चुंबकीय पट्टी आडवी कापली, तुकडे वेगवेगळ्या दिवशी कचऱ्यात. नवऱ्याच्या कार्डाचंही तसंच. बँक खात्यातून कार्डाचं बिल आपोआप भरायची सूचना होती, ती आज काढली. आधी काढली असती आणि एखादं बिल राहिलं असतं तर उशीर झाला असता, म्हणून ती शेवटपर्यंत ठेवली होती.

११ जून

दोन मेल. एकात येणं-बाकी नसल्याचं पत्र मागितलं. दुसऱ्यात ६ ते १० जून अशा पाच दिवसांचे २,५०० रुपये.

१४ जून

पैशांबद्दल उत्तर: "३१ मे रोजी आपण वेळ मागितल्याने विनंती थांबवली होती." अगदी याचसाठी तो तीन ओळींचा मेल होता. तो जोडून परत पाठवला.

१८ जून

पत्र आलं. पहिल्या पत्रात बंद झाल्याची तारीखच नव्हती, फक्त "आजमितीस बाकी नाही" एवढंच. परत पाठवून दुरुस्त करून घेतलं. पत्रात नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, बंद झाल्याची तारीख आणि शून्य बाकी हे चारही हवं. ॲड-ऑन कार्डाचा उल्लेखही टाकून घेतला. पीडीएफ ईमेलमध्ये ठेवली आणि एक छापून घरातल्या कागदांच्या फाइलमध्ये.

१९ जून

१४ तारखेच्या उत्तरावर हालचाल नाही, म्हणून बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला मेल. पत्ता वेबसाइटवर तक्रार निवारणाच्या पानावर असतो. सोबत २८ मे चा शून्य बाकीचा मेल, त्याच दिवशीची विनंती, ३१ मे चा मेल आणि १० जूनचा मेसेज, तारखांच्या क्रमाने. पहिल्या तक्रारीपासून तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, त्याला फी नाही. त्याची तयारी ठेवली.

२ जुलै

२,५०० रुपये बचत खात्यात जमा. लोकपालाकडे जावं लागलं नाही.

१२ जुलै

सिबिलचा अहवाल काढला. वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, आणि सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वेगवेगळा मिळतो.

माझं कार्ड अजून चालू दिसलं. धडधडलं जरा. मग नीट पाहिलं तर बँकेने माहिती कळवल्याची तारीख ३१ मे होती, म्हणजे तो आकडा कार्ड बंद होण्याआधीचाच. पण १० जूनला बंद झालेलं कार्ड, महिना होऊन गेला होता. सिबिलच्या संकेतस्थळावरच दुरुस्तीची विनंती टाकली आणि बँकेलाही पत्र जोडून मेल केला.

२ ऑगस्ट

दुरुस्त झालं. बंद झाल्याची तारीख १० जून २०२४, चालू बाकी ०, थकबाकी ०. शेरा Closed.

इथे एक शब्द बघून घ्यायचा. Closed आणि Settled एक नव्हेत. Settled म्हणजे ठरल्यापेक्षा कमी घेऊन बँकेने प्रकरण मिटवलं, आणि पुढे कर्ज देणारा ते वाईटच मानतो. बाकी लहान असली की कधी वसुलीवाला फोन करून "निम्मे भरा, सेटल करून टाकू" म्हणतो. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी ७०० रुपयांच्या बाकीत असे ४०० भरले आणि घराच्या कर्जाच्या वेळी त्यांना तीनशे रुपयांचं हे प्रकरण उकरून, उरलेले भरून, नवं पत्र आणावं लागलं. बाकी कितीही लहान असो, पूर्ण भरायची आणि Closed च लिहून घ्यायचं.

४ ऑगस्ट, रविवार

दादा आला होता. त्याच्या कार्डाची मागची बारा बिलं काढून बसलो. फी नोव्हेंबरमध्ये लागते, म्हणजे वेळ आहे. आपोआप होणारी पेमेंट दोन सापडली, विम्याचा हप्ता आणि वर्तमानपत्राचं वार्षिक वर्गणीचं पेमेंट, दोन्ही वर्षातून एकदाच येणारी. ती आजच दुसऱ्या खात्यावर हलवली. जूनमध्ये ६,००० ची बाकी पुढे नेलेली आहे, म्हणून ऑगस्टचं बिल पूर्ण भरायचं, कार्ड कपाटात ठेवायचं, सप्टेंबरच्या बिलात उरलेलं व्याज येईल ते पैशासकट भरायचं, आणि ऑक्टोबरचं बिल शून्य आलं की त्या दिवशी मेल. मेलचा मजकूर त्याच्या फोनमध्ये टाकून दिलाय.